दिवाळीत ऑर्डरी भरपूर, हातात मात्र काहीच नाही: घरच्यांची सवलत कुठे गळते आणि कशी बसवायची

लक्षण असं. भाऊबीज झाली, कढई घासून माळ्यावर गेली, मदतीला येणाऱ्या बाईंचा हिशेब चुकता झाला आणि मग वही उघडली. माल सगळा गेलेला, एकही तक्रार नाही, पण डब्यात जेवढे पैसे असायला हवे होते त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त. आपण म्हणतो तेल महागलं, डाळ महागली. पुढच्या वर्षी किलोमागे वीस रुपये वाढवतो आणि पुढच्या भाऊबिजेला वही पुन्हा तेच सांगते.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. मी डोंबिवलीत घरून फराळ करते, मुख्य माल भाजणीची चकली. भाव वाढवून दुखणं जात नाही म्हटल्यावर चौथ्या वर्षी सगळ्या पावत्या नावानिशी वेगळ्या काढल्या. एका गठ्ठ्यात ओळखीपाळखीचे, नातेवाईक, मैत्रिणी. दुसऱ्यात बाकी गिऱ्हाईक. दुसऱ्या गठ्ठ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. गळती सगळी पहिल्यात होती.

तुमच्याकडेही हेच आहे का, हे बघायचं असेल तर हेच करा. गेल्या हंगामाची विक्री दोन गठ्ठ्यांत टाका आणि प्रत्येक गठ्ठ्यात किलोमागे हातात किती राहिले ते काढा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर दुखणं सवलतीत नाही, भावात किंवा खर्चात आहे. मग पुढचं वाचून उपयोग नाही. आणखी एक खूण आहे, ती वहीत दिसत नाही. घरच्यांच्या पाकिटात भरताना हात आखडायला लागतो, तुटक्या चकल्या तळाशी जातात, काटा हजारच्या आधीच थांबवावासा वाटतो. असं होऊ लागलं की समजायचं, सवलत आपल्याला झेपत नाहीये आणि आपण ती मालातून वसूल करतोय.

आधी किलोचा खरा खर्च

सवलत किती द्यावी या प्रश्नाचं उत्तर खर्च माहीत असल्याशिवाय निघत नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकींना फक्त वाण्याचं बिल माहीत असतं. माझं एक किलो चकलीचं गणित असं निघालं. एक किलो तयार चकलीत साधारण ७०० ग्रॅम भाजणी असते आणि मोहन व तळण मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास तेल.

- भाजणी (धान्य, भाजणं, दळण): ७७ रुपये
- तेल, कढईत उरून टाकावं लागणारं धरून: ५८
- तीळ, तिखट, ओवा, हिंग, मीठ: १५
- गॅस: १५
- मदतनीस बाई (रोज ७००, दिवसाला १० किलो): ७०
- तुटफूट: १५
- पाकीट, लेबल, पिशवी: २०
- पोचवणं, सरासरी: २०

एकूण २९०. विक्रीचा भाव ४८०. म्हणजे किलोमागे १९० रुपये हातात. इथपर्यंत बरेच जण येतात आणि १९० म्हणजे नफा असं धरून चालतात. तो नफा नाही. त्यात माझी मजुरी आहे. दिवसाचे आठ तास, तासाला १०० रुपये असे मी लावते; १० किलोवर वाटले तर किलोमागे ८०. ती काढली की खरा नफा राहतो ११०.

आता सवलत. माझ्याकडे घरच्यांचा भाव ठरलेला होता: ‘पंचवीस टक्के कमी’. का पंचवीस, ते मलाही सांगता आलं नसतं. पहिल्या वर्षी मामेबहिणीला ३६० ला दिली, मग तोच भाव पडला. ४८० चे पंचवीस टक्के म्हणजे १२०. आणि नफा ११० चा. म्हणजे नात्यातल्या प्रत्येक किलोमागे नफा तर गेलाच, वर माझ्या मजुरीतले १० रुपये मी पदरचे घालत होते. वीस टक्के दिली असती तरी ९६ गेले असते, १४ उरले असते.

इथेच मेख आहे. टक्के आपण भावावर मोजतो, पण कापले जातात नफ्यातून. भावाचा पाव हिस्सा ऐकायला कमी वाटतो. नफ्याच्या मानाने तो पूर्ण हिस्सा निघू शकतो. म्हणून घरगुती धंद्यात सवलत टक्क्यांत बोलूच नये. रुपयांत बोलावी, आणि ते रुपये वजा करून उरलेला भाव ‘माझी मजुरी धरून तळाचा भाव’ याच्या वर राहतो का ते बघावं. माझा तळाचा भाव ३७०. त्याखाली विकलेली चकली ही विक्री नाही, ती भेट आहे. भेट द्यायला हरकत नाही, पण मग तिला भेट म्हणा आणि मोजून द्या.

त्या वर्षीचा पूर्ण हिशेब

बारा दिवसांत १२० किलो चकली झाली. सगळी पूर्ण भावाने गेली असती तर हातात २२,८०० यायला हवे होते. प्रत्यक्षात ५२ किलो घरच्या भावाने गेली: ६,२४० गेले. ‘चव बघायला’, ‘मुलांसाठी वरून’, ‘आला आहात तर घेऊन जा’ असं करत ३ किलो फुकट गेली: त्या मालाची किंमत १,४४०. आणि ‘नंतर देते गं’ यातले १,८०० कधीच आले नाहीत. हातात उरले १३,३२०. त्यातून माझी बारा दिवसांची मजुरी ९,६०० काढली तर नफा ३,७२०. व्हायला हवा होता १३,२००.

मदतनीस बाईंना त्या बारा दिवसांत ८,४०० मिळाले, संध्याकाळी सहाला त्या घरी जायच्या. मी रात्री अकराला पाकिटं बंद करत असायचे, तेही आठ तासांत न मोजता.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याच दिवाळीत एका ऑफिसची १८ किलोची ऑर्डर मी नाकारली होती, कारण हात रिकामा नव्हता. हात कशात गुंतला होता? घरच्यांच्या ५२ किलोत. ‘घरच्यांनी घेतली नसती तर तेवढी विक्रीच झाली नसती, काहीतरी मिळालं ना’ हा विचार तेव्हाच खरा असतो, जेव्हा माल पडून राहण्याची भीती असते. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात चकलीला गिऱ्हाईक कमी नसतं, सोऱ्या फिरवणारे हात कमी असतात. अशा वेळी सवलतीत दिलेला प्रत्येक किलो पूर्ण भावाच्या गिऱ्हाइकाची जागा अडवतो. म्हणजे सवलत सगळ्यात महाग पडते ती नेमकी तेव्हा, जेव्हा सगळे ती मागतात.

काय बदललं

आधी एक उपाय करून बघितला तो फसला, तो सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. भाव ५४० केला आणि घरच्यांना ‘खास’ म्हणून ४५० लावला. चार दिवसांत आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं, की तुझ्या जाऊबाईंना कमी आणि मला जास्त का? त्या दोघी एकाच भिशीत. पूर्ण भावाची गिऱ्हाइकं नाराज झाली, आणि घरच्यांना वाटलं मुद्दाम वाढवून कमी केलंय. जे खरंच होतं.

मग विचार उलटा केला. घरच्यांना विकताना माझा कोणता खर्च वाचतो? माणूस घरचं आहे म्हणून तेल कमी लागत नाही, गॅसही नाही. पण स्वतःचा डबा आणला तर पाकीट आणि लेबलचे २० वाचतात. स्वतः येऊन घेऊन गेलं तर पोचवण्याचे २० वाचतात. आणि दसऱ्याच्या आधी पूर्ण पैसे दिले तर मी डाळ-तांदूळ आणि तेलाचे डबे एकदम घेऊ शकते, त्यात किलोमागे दहाएक रुपये सुटतात. झाले ५०. म्हणून घरची सवलत ५० रुपये, तीन अटींवर: डबा तुमचा, नेणार तुम्ही, पैसे दसऱ्याच्या आधी. भाव ४३०, खर्च २४०, हातात तेच १९०. टक्क्यांत बोलायचं तर ही दहा टक्क्यांच्या जरा वर जाते, आणि मला एक पैसाही लागत नाही.

दोन अटी पाळल्या तर दोन अटींचे पैसे कमी. एकही नाही तर ४८०. हे आत्यालाही आणि शेजारच्या काकूंनाही सारखंच. काकूंनी विचारलं तर त्यांनाही देते. डबा घेऊन या म्हणते. त्यामुळे चोरून दोन भाव ठेवायची गरजच उरली नाही, आणि माझी निम्मी डोकेदुखी तिथेच गेली.

मग खरी माया कुठे दाखवायची? त्यासाठी वेगळी यादी केली. सख्खी, चुलत-मावसमधली जवळची आणि दोन मैत्रिणी अशी बारा घरं. प्रत्येक घरी पाव किलोचं एक पाकीट, चांगल्या कागदात, दिवाळीची भेट म्हणून. एकूण ३ किलो. ‘वरून’ वाटण्यात आधीही ३ किलोच जात होती, पण कोणाच्या लक्षात राहत नव्हती. पाकीट हातात दिलं की लक्षात राहतं. आणि ज्या घरी भेट गेली, त्यांची ऑर्डर असली तर ती वेगळी. भेट ऑर्डरीतून वजा नाही, ऑर्डरीत भरही नाही. चव बघायला म्हणून दोन चकल्या बशीत ठेवते, पिशवीत नाही.

तिसरी गोष्ट मापाची. घरच्या भावात एका घराला जास्तीत जास्त ३ किलो. ही अट कंजूसपणाची वाटेल, पण ती घालावी लागली कारण एका वहिनींनी आठ किलो नेली आणि नंतर कळलं, की त्यातली सहा त्यांच्या ऑफिसात गेली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, माझं नाव होईल म्हणून त्यांनी कौतुकाने वाटली होती. पण माझं पूर्ण भावाचं गिऱ्हाईक त्यांनी माझ्याच सवलतीत खाऊ घातलं. आता ३ किलोच्या वर कोणीही असो, भाव ४८०. ऑफिससाठी हवी असेल तर त्या ऑर्डर गोळा करतात, मी थेट भावाने देते आणि त्यांना पाव किलोचं पाकीट जातं.

बोलायचं कसं

गणित जमतं, तोंड उघडत नाही, हे सगळ्यांचं होतं. माझा अनुभव असा, की भाव ऐकून कोणी रुसत नाही. भाव सांगताना आपण चाचरलो की मात्र समोरच्याला वाटतं, इथे जागा आहे. मी ऑर्डर घेतानाच बोलते, माल देताना नाही. माल टेबलावर असताना भावाचा विषय काढला की दोघांचीही पंचाईत होते.

मामेसासूबाईंचा फोन आला तेव्हाचं सांगते. त्या म्हणाल्या, “अगं, घरच्या घरी पण भाव का?” मी म्हटलं, “मामी, मदतीच्या बाईंना मी रोजचे सातशे देते, त्या घरच्या भावात येत नाहीत ना! तुम्ही डबा पाठवा, मामांना फिरायला येताना घेऊन जायला सांगा, किलोमागे चाळीस मी कमी लावते. आणि दसऱ्याआधी पैसे दिलेत तर आणखी दहा.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग पन्नासच लाव.” तीन किलो सांगितली. बहिणीशी बोलताना एवढं लागत नाही. “ताई, डबा आण, चारशे तीस” एवढंच पुरतं.

पावतीवर मात्र आधी ४८० लिहिते, खाली ‘डबा, स्वतः नेणे, आगाऊ: वजा ५०’ आणि मग ४३०. नुसतं ४३० लिहिलं तर पुढच्या वर्षी तोच मूळ भाव होतो आणि त्यावर पुन्हा ‘घरचं काही कमी कर ना’ सुरू होतं.

दोन ठिकाणी हे गणित चुकतं

आमच्या आत्या दिवाळीत चार दिवस मदतीला येतात. चकल्या पाडायला त्यांचा हात माझ्याहून चांगला आहे. त्यांच्या चार दिवसांची मजुरी मी हिशेबात धरत नव्हते, त्या पैसे घेतच नाहीत. बदल्यात त्यांना आणि त्यांच्या दोन्ही सुनांना माल जवळपास फुकट जायचा. यात दोन चुका होत्या. एक म्हणजे माझा खर्च खोटा कमी दिसत होता. ज्या वर्षी त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्या आल्या नाहीत, त्या वर्षी दुसरी बाई लावावी लागली आणि सगळा भाव कोलमडला. दुसरी, सुनांना किती द्यायचं याला माप नव्हतं. आता आत्यांचे दिवसाचे ७०० मी खर्चात लिहितेच. त्या पैसे घेत नाहीत म्हणून त्या २,८०० ची त्यांना आवडेल ती वस्तू पाडव्याला जाते. सुना ४३० नेच घेतात. फुकटचा हात आणि सवलत एकाच खात्यात मिसळली की दोन्हींचा हिशेब लागत नाही. मैत्रिणींच्या अदलाबदलीचंही तेच: एक जण माझं रिटर्न भरून देते, तिची फी पूर्ण लिहायची, माझी चकली पूर्ण भावाने लिहायची आणि उरलेला फरक द्यायचा-घ्यायचा.

दुसरं, माझे ५० रुपये तुमच्या धंद्याला लागू होतीलच असं नाही. माझी एक मैत्रीण ब्लाउज शिवते. कापड गिऱ्हाइकाचं, पाकीट नाही, पोचवणं नाही. शिलाईत जवळपास सगळी तिची मजुरीच. तिने वीस टक्के सोडले तर ते सरळ तिच्या तासांतून जातात, वाचणारा खर्च असा काहीच नाही. तिला डब्याचा उपाय कसा चालणार? तिने वेळेची अट घातली. लग्नसराईत आणि नवरात्राआधी कोणालाही सवलत नाही. आषाढात, मुहूर्त संपून मशीन रिकामं असतं तेव्हा घरच्यांना ब्लाउजमागे ठरलेले पैसे कमी, आणि देण्याची तारीख ती सांगेल ती. रिकाम्या दिवसांत सवलत स्वस्त पडते, कारण त्या वेळी ती कोणाची जागा अडवत नाही. मीही श्रावणाच्या आधी चकली करते तेव्हा मापाची ३ किलोची अट लावत नाही. ३७० चा तळ मात्र तेव्हाही सोडत नाही.

पुढच्या दिवाळीचे आकडे

माल महागला तेवढा भाव मी वाढवला, म्हणून तुलनेला जुनेच दर धरते. १२० किलो झाली. ३ भेट गेली. घरच्यांची ५२ वरून ३८ वर आली. जी १४ कमी झाली त्यातली बरीचशी त्या ऑफिसने घेतली, ज्याला आधी नाही म्हटलं होतं. ३८ पैकी ३१ किलो डबा घेऊन, येऊन, आगाऊ पैसे देऊन गेली. ७ किलोवाल्यांना वेळ नव्हता, त्यांनी कुरकुर न करता ४८० दिले. हातात २१,३६० राहिले. उधारी शून्य, कारण आगाऊ घेतले होते.

दोन घरांनी ऑर्डरच दिली नाही. एक पुढच्या वर्षी परत आलं, एक नाही आलं.

डब्यांचा एक ताप मात्र नवा आहे, तो आधीच सांगून ठेवते. डबा आला की लगेच रिकामा काट्यावर ठेवून वजन करा आणि बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर ते लिहा. नाव घातलेला पितळी डबा आणि पातळ स्टीलचा डबा यांच्यात पाव किलोचा सहज फरक असतो, आणि ऐन गर्दीत भरलेल्या डब्याचं वजन करून काहीच कळत नाही. दुसरं, डबा आतून पुसलेला दिसला तरी झाकणाच्या कडेत पाणी असतं. एकदा मी तसाच भरला. तिसऱ्या दिवशी फोन आला, चकली सादळली. चूक डब्याची होती, पण बदलून मलाच द्यावी लागली. आता आलेला प्रत्येक डबा आदल्या दिवशी उन्हात पालथा घालते, आणि ‘डबा दोन दिवस आधी’ अशी चौथी अट पावतीवर वाढवली आहे.